रेनकोटचे कापड : हलके हवे, पण गळता कामा नये

पावसाळ्याचा माल वैशाखातच शिवून तयार ठेवावा लागतो. त्यामुळे कापडाची निवड ही या धंद्यातील पहिली आणि सर्वांत महाग पडणारी पायरी आहे. बाजारात रेनकोटसाठी मुख्यतः तीन प्रकार पुढे येतात : कोटिंग केलेले नायलॉन, लॅमिनेट केलेले पॉलिएस्टर आणि रबर चढवलेले सुती कापड. दुकानदार प्रत्येक थानाला 'शंभर टक्के वॉटरप्रूफ' म्हणतो. हे शब्द बाजूला ठेवून या तीन कापडांची पारख कशी करावी, हे या लेखात पाहू.

पारख हवेत करता येत नाही, म्हणून आम्ही एक ठरावीक गिऱ्हाईक समोर ठेवतो. कोकण किनाऱ्यावर दुचाकीवरून माल पोहोचवणारा माणूस, वजन ७० किलो. त्याला गुडघ्यापर्यंत येणारा कोट हवा. तो घडी करून डिकीत मावला पाहिजे आणि तास-दोन तासांच्या मुसळधार पावसात आतून कोरडा राहिला पाहिजे.

तिन्ही कापडांत पाणी कशाने अडते?

रबरी सुती कापड हे यातले सर्वांत जुने. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये बसवून त्याचे पेटंट घेतले. ते उन्हात चिकट होई आणि थंडीत ताठरे. १८४० च्या दशकात गंधक व उष्णता यांनी रबर पक्के करण्याची रीत आली आणि हा दोष बराच गेला. आजच्या कापडात सुताच्या एका अंगावर किंवा दोन सुती थरांच्या मध्ये रबराचा अखंड पापुद्रा असतो. पाणी रबर अडवते, सूत फक्त बळ देते.

कोटिंगच्या नायलॉनमध्ये पातळ, दाट विणीच्या कापडावर आतल्या अंगाने पॉलियुरेथेनचा लेप पसरवलेला असतो. हा लेप म्हणजेच बाजारातले 'पीयू'. बाहेरच्या अंगाला पाणी थेंबाथेंबाने घसरून जावे म्हणून वेगळी प्रक्रिया केलेली असते. ही प्रक्रिया धुण्याने आणि घासण्याने विरते. मग कापड वरून भिजते, जड व गार लागते, आणि कोट गळत नसतानाही गिऱ्हाइकाला गळल्यासारखा वाटतो.

लॅमिनेटमध्ये लेप पसरवत नाहीत. पापुद्रा वेगळा तयार करून कापडाला चिकटवतात. तो सर्वत्र सारख्या जाडीचा असल्याने पाण्याचा दाब अधिक सोसतो. मात्र हे सारे बळ मधल्या गोंदावर उभे असते. गोंद सुटला की कापडावर फुगे येतात, आणि एकदा फुगा आला की ते कापड दुरुस्त होत नाही.

वजनाचा हिशेब

दीड मीटर पन्ह्याचे अडीच मीटर कापड घेतले तर ते पावणेचार चौरस मीटर होते. कातरणीची चिंधी वजा जाता कोटात सुमारे ३ चौरस मीटर राहते. कोटासाठी वापरले जाणारे हलके पीयू नायलॉन साधारण ८० जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम असते. दोन थरी लॅमिनेट पॉलिएस्टर १२० च्या आसपास आणि रबरी सुती कापड ३०० च्या आसपास भरते. म्हणजे नुसत्या कापडाचे वजन नायलॉनमध्ये २४० ग्रॅम, लॅमिनेटमध्ये ३६० ग्रॅम आणि रबरी सुतात ९०० ग्रॅम. साखळी, टेप, दोरा व बटणे यांचे शंभर ग्रॅम तिघांतही धरावे. रबरी सुताची बाहेरची बाजू सुती असेल तर ती पाणी पिऊन आणखी जड होते.

आमच्या गिऱ्हाइकासाठी रबरी सुत इथेच मागे पडते. पण ते टाकाऊ नाही. बंदरावर, मासळी बाजारात किंवा चौकीवर एका जागी उभे राहून काम करणाऱ्याला वजनापेक्षा टिकाऊपणा मोठा. शिवाय हे कापड फाटले तर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन आणि रबराची पट्टी यांनी बसल्या जागी जोडता येते. ते ओले घडी करून ठेवू नये, कारण सुताला बुरशी धरते. रॉकेल, डिझेल व तेल यांपासूनही दूर ठेवावे, कारण त्यांनी रबर फुगते व सैल पडते.

दाबाची परीक्षा दुकानातच

कापड किती पाणी अडवते हे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. '१५०० मिलिमीटर' याचा अर्थ दीड मीटर उंचीचे पाणी अंगावर उभे राहीपर्यंत ते पाझरत नाही. ही परीक्षा आपणही करू शकतो. एक मीटर लांबीची, दोन इंच व्यासाची पारदर्शक नळी घ्यावी. तिच्या खालच्या तोंडावर कापडाचा तुकडा ताणून, कडेला रबराचे पॅकिंग देऊन क्लॅम्पने घट्ट आवळावा. कापडाची बाहेरची बाजू पाण्याकडे, म्हणजे वर ठेवावी. नळी उभी धरून हळूहळू भरावी आणि पाच मिनिटे खालून पाहत राहावे. तीन जागी थेंब दिसले की ते कापड नापास. पॅकिंगच्या कडेने झिरपलेले पाणी मात्र मोजू नये. थान घेण्यापूर्वी नमुन्याचा एक तुकडा चुरगळून, चोळून मग पुन्हा तपासावा. हलक्या प्रतीचा लेप नेमका इथे उघडा पडतो.

पाऊस अंगावर पडतो तेव्हा दाब फार नसतो. दाब येतो तो बसण्याच्या जागी. स्वाराचे ६० किलो वजन सुमारे १००० चौरस सेंटिमीटर सीटवर पडते असे धरू. दर चौरस सेंटिमीटरला ६० ग्रॅम, म्हणजे ६० सेंटिमीटर पाण्याचा दाब झाला. ही सरासरी आहे. हाडांच्या जागी तो कित्येक पट होतो आणि सहज दोन मीटरपलीकडे जातो. म्हणून १५०० मिलिमीटरचा कोट खांद्यावर कोरडा राहतो आणि ओल्या सीटवर मात्र पाझरतो. 'कोट बरा आहे, पण बसतो तिथे भिजतो' या तक्रारीचे मूळ हेच.

शिवण ही खरी कसोटी

त्याच नळीला शिवण घातलेला तुकडा लावून पाहावा. नळी अर्धी भरण्याआधीच सुईच्या भोकांतून पाणी टपकू लागते, मग कापड कितीही महागाचे असो. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्या कापडाची शिवण आपल्या दुकानात बंद करता येते तेच कापड घ्यावे.

पीयूच्या आणि दोन थरी लॅमिनेटच्या आतल्या बाजूवर उष्णतेने चिकटणारी शिवण-टेप बसते. गरम हवेचे यंत्र नसेल तर इस्त्रीने बसणारी टेप मिळते. इस्त्री आणि टेप यांच्यामध्ये सुती कापड धरावे आणि आधी चिंधीवर उष्णता ठरवावी. जास्त तापली तर लेप जळतो, कमी पडली तर टेप पहिल्याच धुण्यात सुटते. थंड झाल्यावर टेपचे टोक नखाने उचलून पाहावे. ते सुटता कामा नये. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनवर ही टेप धरत नाही, म्हणून खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. सुई बारीक व नवी वापरावी, टाका सुमारे तीन मिलिमीटरचा ठेवावा. एकदा पडलेले भोक बुजत नाही, म्हणून टाचण्यांऐवजी चिमटे लावावेत आणि उसवण्याची वेळ येऊ देऊ नये.

घामाचे काय?

लॅमिनेट विकताना 'श्वास घेणारे कापड' असे सांगतात. त्यातून वाफ बाहेर जाते हे खरे. पण वाफ जाते ती आत अधिक आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. बाहेर ५ अंशांची थंडी असेल तर हा फरक मोठा असतो. कोकणच्या पावसात बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ९५ टक्क्यांच्या घरात. अशा वेळी वाफेला बाहेर ढकलणारा जोर थंड हवेच्या मानाने निम्म्याहूनही कमी उरतो. जोडीला बाहेरचे कापड भिजलेले असेल तर तोही घटतो. थंड देशाच्या हवेत शोभणारा हा गुण आपल्याकडे पूर्ण भावात विकत घेणे म्हणजे न मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे देणे होय. त्यापेक्षा पाठीवर खांद्याखाली ३० सेंटिमीटरची आडवी फट ठेवावी, तिला जाळी लावावी आणि वरून आठ-दहा सेंटिमीटर खाली येणारी झडप फक्त वरच्या कडेला शिवावी. दुचाकीच्या वेगाने तिथून हवा खेळते.

गिऱ्हाईक कोट परत घेऊन आले तर तो गळतो की घामाने ओला होतो हे आधी ठरवावे. रिकामा कोट हँगरला टांगून पंधरा मिनिटे वरून पाणी सोडावे. आतून कोरडा राहिला तर ओल घामाची आहे. शिवणीच्या रेषेवर ओल दिसली तर टेप सुटली आहे. मधल्या भागात ठिपके दिसले तर लेप गेला आहे.

तर मग कोट कसला करावा?

आमच्या दुचाकीस्वारासाठी अंग व बाह्या पीयू नायलॉनच्या कराव्यात आणि बसण्याच्या जागी लॅमिनेट पॉलिएस्टरचा सुमारे अर्धा चौरस मीटर तुकडा घालावा. दोन्हींवर एकच टेप धरते. नायलॉन अडीच चौरस मीटर, म्हणजे २०० ग्रॅम. लॅमिनेट ६० ग्रॅम. बाकी सामान शंभर ग्रॅम. एकूण ३६० ग्रॅममध्ये कोट तयार होतो. सगळा कोट नायलॉनचा केला असता त्यापेक्षा हा फक्त वीस ग्रॅमने जड आहे, आणि त्या वीस ग्रॅमने सीटची तक्रार मिटते. नायलॉन ओले झाले की किंचित ताणते, पॉलिएस्टर ताणत नाही. म्हणून जोडाच्या शिवणीत लॅमिनेटचा तुकडा ओढून बसवू नये, सैल ठेवावा.

शेवटी गोदामातल्या जुन्या मालाविषयी. हंगाम संपल्यावर पीयू नायलॉन स्वस्तात मिळते. पण पीयूचा लेप दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षे बंद पडून राहिला तर आतून तुटत जातो. थानाची घडी उलगडून लेपाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबाव्यात आणि सोडवाव्यात. चिकटून चरचर आवाज आला, आंबूस वास आला किंवा बोटाला भुकटी लागली तर तो माल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. हेच गिऱ्हाइकालाही सांगून ठेवावे : कोट ओला असताना पिशवीत कोंबू नका, सावलीत वाळवूनच घडी करा.