प्रास्ताविकाचे पहिले वचन

पालकसभा असो, जयंती असो वा वर्धापनदिन असो, प्रास्ताविक करणारा वक्ता बहुधा एखाद्या अभंगाने, ओवीने वा म्हणीने आरंभ करतो. प्रथा चांगली आहे; परंतु आपल्या सभांतून फिरणारी वचने जेमतेम सात-आठ. पहिले दोन शब्द कानी पडताच श्रोता उरलेली ओळ मनातल्या मनात पुरी करतो आणि तेथेच त्याचे ऐकणे थांबते.

सर्वांत अधिक झिजलेले वचन कोणते, असे विचारले तर विद्येच्या अभावी काय काय गेले हे सांगणारे जोतीराव फुले यांचे वचन सांगावे लागेल. गंमत अशी की, हे वचन मुळात प्रास्ताविकाचेच आहे. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी ते येते. त्यात कारणांची साखळी आहे : विद्या नाही म्हणून मती गेली, तिच्यामागोमाग नीती, मग गती, मग वित्त, आणि वित्त गेल्याने शूद्र खचले. पुढचा ग्रंथ या साखळीचा पुरावा आहे. पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून मरणापर्यंत धर्माच्या मिषाने त्याच्याकडून काय उकळले जाते, त्याचा हिशेब मांडला आहे. आपण मात्र साखळीची पहिली कडी उचलतो आणि ‘शिक्षणाचे महत्त्व’ म्हणून सोडून देतो. शेतकऱ्याचे खचणे, म्हणजे ज्यासाठी वचन लिहिले तेच, सभेत उच्चारले जात नाही. वचन झिजते ते पुष्कळदा म्हटल्यामुळे, त्याहूनही अधिक अर्धे म्हटल्यामुळे.

वचनाची निवड कशी करावी, याचा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांत मिळतो. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. त्याच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग होता. आता भीड कशाला धरू, जगात मुक्याची दाद कोणी घेत नाही, असा त्याचा आशय. अभंग आणि पत्राचे नाव एकमेकांत गुंतलेले आहेत. अभंग काढला तर नावाचा आधारच जातो. सात वर्षांनी, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन दोनच आठवडे झाले असता, ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. आता तुकाराम नव्हते. ज्ञानेश्वरीतील ओव्या आल्या, अर्जुनाला धनुष्य हाती घेऊन रथावर चढण्यास सांगणाऱ्या. मुक्याने तोंड उघडण्याचा प्रसंग संपला होता, उभे राहण्याचा आला होता. म्हणून वचन बदलले. शिवाय दोन्ही वचने अशा संतांची, की ज्यांना विरोधकही नाकारू शकत नव्हते.

यातून एक सोपी कसोटी निघते. लिहिलेल्या प्रास्ताविकातून वचन खोडावे आणि उरलेले वाचावे. काहीच उणे भासले नाही, तर ते वचन केवळ शोभेचे होते.

दुसरी चूक उगमाची. शिक्षणाला वाघिणीच्या दुधाची उपमा देणारे वाक्य आपण बाबासाहेबांच्या नावे बेधडक म्हणतो. कोणते भाषण, कोणता लेख, असे विचारल्यास बहुतेकांजवळ उत्तर नसते. आणि हीच उपमा इंग्रजी विद्येसंबंधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावेही सांगितली जाते. ज्या वचनाचे ठिकाण सांगता येत नाही, ते थोरांच्या नावे उच्चारू नये.

आता आपल्या वेवजी-तलासरी भागातील पालकसभा घेऊ. विषय असा : दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात, मुलांनाही नेतात, आणि शाळा अर्ध्यावर तुटते. येथे कार्यकारणाची साखळी खरी असली तरी ती पालकांना दोष दिल्यासारखी लागेल. त्याऐवजी ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण घ्यावी. पळस या भागात प्रत्येकाच्या ओळखीचा. अर्थ समजावण्याची गरज नाही. मात्र दुसऱ्याच वाक्यात म्हण कामाला लागली पाहिजे : ‘भट्टी भिवंडीची असो वा वसईची, तिथला दिवस सारखाच जातो, आणि तिथे नेलेल्या मुलाचा शाळेतला दिवस बुडतो.’ तिसऱ्या वाक्यात मुद्दा यावा : मुलाला वसतिगृहात ठेवून जाता येते, त्यासाठी काय करावे लागते. एवढ्यावर प्रास्ताविक थांबवून बोलणे पालकांवर सोपवावे. म्हण एकच पुरे. दुसरी जोडली की पहिलीचा जोर ओसरतो.

म्हणींच्या बाबतीत आणखी एक सांभाळावे. मराठीतील कितीतरी म्हणी जातीचे वा बाईचे नाव घेऊन हिणवतात, आणि सवयीने त्या तोंडात येतात. म्हण निवडल्यावर सभेतील प्रत्येक चेहरा डोळ्यांसमोर आणावा. एकालाही मान खाली घालावी लागणार असेल, तर ती कितीही चपखल असली तरी टाकून द्यावी आणि सरळ विषयाच्या वाक्यानेच आरंभ करावा. वचनावाचून केलेले प्रास्ताविकही प्रास्ताविकच असते.