अप्रकाशित प्रबंधाचा संदर्भ

गेल्या वर्षी शिवडीच्या चाळींवर निबंध लिहिताना मी ‘शोधगंगा’ या संग्रहातील एका पीएच.डी. प्रबंधाचा आधार घेतला व तळटीपेत ‘पृ. १२’ असे लिहिले. सरांनी प्रबंध उघडला, तर बाराव्या पानावर प्रस्तावना! निबंध परत आला.

चूक माझीच होती. तेथे प्रबंध बहुधा प्रकरणवार निरनिराळ्या फायलींत ठेवलेला असतो. मी चौथ्या प्रकरणाच्या फायलीतील बारावे पान मोजले होते. त्यावर छापलेला आकडा मात्र १४३ होता. छापलेला आकडाच द्यावयाचा असतो.

सालाचेही तसेच. संग्रहात प्रबंध चढविल्याची तारीख घेऊ नये. मुखपृष्ठावरील सादर केल्याचे साल घ्यावे. प्रबंध पुढे ग्रंथरूपाने निघाला का, हेही पाहावे. डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठाचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध ग्रंथरूपाने १९२५ मध्ये निघाला, पदवी १९२७ ची. आपण ग्रंथ वाचला असेल तर १९२५ चा ग्रंथच नोंदवावा.

माझी सुधारलेली तळटीप या क्रमाने झाली: लेखक, शीर्षक, ‘अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध’, विभाग, विद्यापीठ, साल, पृ. १४३, शेवटी hdl.handle.net/10603/ ने सुरू होणारा कायमचा पत्ता. या वेळी सरांना ते पान लगेच सापडले.