सरांना मुद्दे द्या, मजकूर नको

गुरुग्राम-नोएडात नोकरी बदलताना लिंक्डइनवरची शिफारस वाचून झाली की एचआरवाले बरेचदा शिफारस करणाऱ्यालाच फोन लावतात. त्यामुळे जुन्या मॅनेजरला मुद्दे सुचवताना मी एकच कसोटी लावते: हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे का, आणि उद्या फोनवर कुणी विचारलं तर त्यांना न अडखळता सांगता येईल का?

आयता मजकूर लिहून देऊ नये तो याचसाठी. मॅनेजर भिडेखातर तो तसाच चिकटवतात आणि महिन्याभरात विसरून जातात. मग फोनवर ‘हो, चांगली मुलगी होती’ यापलीकडे त्यांच्याकडे बोलायला काही नसतं. नुसतं ‘माझ्याबद्दल चार शब्द लिहा’ म्हटलं, तर मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर असं कुणालाही लागू पडेल ते येतं.

मी मानेसरच्या एका गोदामात डिस्पॅच सांभाळायचे. १८ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्लीत ग्रॅपचा चौथा टप्पा लागला. अत्यावश्यक माल सोडला तर बीएस-६च्या आधीच्या डिझेल ट्रकांना शहरात मज्जाव झाला. दिल्लीतल्या दुकानांचा माल आमच्याकडे भरून तयार होता. त्या रात्री मी वाहतूकदारांकडून प्रत्येक गाडीच्या आरसीचा फोटो मागवला, बीएस-६ आणि सीएनजी गाड्या वेगळ्या काढल्या, दिल्लीचा माल त्यांच्यावर चढवला आणि बाकीच्या गाड्या हरियाणातल्या फेऱ्यांना लावल्या. आमचे सर तेव्हा शेजारी बसून वाहतूकदारांना फोन करत होते.

पुढे सर दुसऱ्या कंपनीत गेले, मीही नोएडाला आले. शिफारस हवी होती तेव्हा आधी फोन केला, त्यांनी होकार दिल्यावर मगच लिंक्डइनवरून विनंती पाठवली. तिथे दोन गोष्टी विचारतात: तुमचं नातं काय, आणि तेव्हा तुम्ही कोणत्या पदावर होता. पद नीट बघून निवडावं, कारण शिफारस त्याच नोकरीशी जोडली जाते. संदेशाची तयार ओळ खोडून मी लिहिलं: ‘सर, मी आता वाहतूक नियोजनाच्या कामासाठी अर्ज करते आहे. नोव्हेंबरमध्ये ट्रक अडले तेव्हा गाड्यांची फेरआखणी आपण केली होती. त्यातलं माझं काम तुम्हाला जसं आठवतं तसं लिहाल का? वाहतूकदारांशी मी कशी बोलायचे, हेही लिहिलंत तर बरं होईल. यातलं काही पटत नसेल तर खुशाल सोडून द्या.’ मुद्दे दोनच दिले. पाच-सहा दिले असते तर लिहिणाऱ्याने ते यादीसारखे उतरवले असते. शेवटचं वाक्य मात्र हवंच, त्याशिवाय माणूस मोकळेपणाने लिहीत नाही.

सरांनी मनापासून लिहिलं. पण भरात त्यांनी ग्राहक कंपनीचं नाव घातलं आणि उशीर झाला असता तर किती दंड बसला असता तो आकडाही टाकला. आमच्या करारात ग्राहकाची माहिती बाहेर न देण्याची अट होती. ती शिफारस लोकांसमोर गेली असती तर सरांनाही त्रास झाला असता आणि मलाही. नवा मालक तर लगेच ताडतो की आज जुन्या ग्राहकाचा आकडा उघडा पडला, उद्या आमचाही पडेल.

सुदैवाने आलेली शिफारस तुम्ही स्वीकारल्याशिवाय प्रोफाइलवर दिसत नाही. तुम्हाला तिच्यातला एक शब्दही बदलता येत नाही, पण लिहिणाऱ्याला दुरुस्तीची विनंती करता येते. मी पुन्हा फोन केला. म्हटलं, ‘सर, कंपनीचं नाव काढून ‘एक मोठा किरकोळ विक्रेता’ म्हणा, आणि दंडाच्या आकड्याऐवजी माल दुसऱ्या दिवशी दुकानात पोचला एवढंच लिहा.’ ‘अरे हां, वो तो ध्यान ही नहीं रहा,’ म्हणाले आणि त्यांनी लगेच बदलून दिलं. शिफारस पटकन स्वीकारून टाकली असेल तरी ती लपवता येते. तेवढं करून मग दुरुस्ती मागावी. आता मी मुद्दे पाठवतानाच एक ओळ जोडते: ग्राहकाचं नाव, दर आणि दंड यांचा उल्लेख नको.

तारखेकडेही लक्ष असू द्या. प्रत्येक शिफारशीखाली तारीख दिसते. एकाच आठवड्यात चार जणांनी लिहिलं, तर पाहणाऱ्याला गोळा केल्यासारखं वाटतं आणि सध्याच्या ऑफिसात कुजबुज सुरू होते ती वेगळीच. नोकरी शोधायला लागण्याच्या बऱ्याच आधी, काम ताजं असताना मागितलेली शिफारस जास्त तपशीलवार येते. परतफेड म्हणून लगेच सरांची शिफारस लिहायलाही बसू नये. दिलेल्या आणि मिळालेल्या शिफारशी तुमच्याच प्रोफाइलवर दिसतात, आणि तारखा जवळजवळच्या असल्या की दोन्हींचं वजन जातं. सरांबद्दल लिहायचंच असेल तर काही महिने जाऊ द्या, आणि तेही तुम्ही स्वतः पाहिलेलंच लिहा.