पार्सलवरचं लेबल: पत्ता, फोन आणि बारकोड

समजा रेवदंड्याच्या एका गटाला मुरूडहून आमसुलं आणि पोह्याच्या पापडांची ऑर्डर आली. ताईंनी खोक्यावर ग्राहकाचं नाव लिहिलं, खाली ‘मु. पो. मुरूड’ लिहिलं आणि पार्सल बांधलं. आपल्याला मुरूड म्हटलं की साळावचा पूल ओलांडून पुढे जंजिऱ्याचं मुरूडच डोळ्यांपुढे येतं. पण एक मुरूड दापोली तालुक्यात आहे, आणि एक लातूर जिल्ह्यात. ऑर्डर लातूरकडची असेल तर हे पार्सल आधी चुकीच्या गावी फिरणार आणि मग परत येणार. तोवर पावसाळ्यात पापड मऊ पडलेले असतात. जाण्याचा खर्च गेला, मालही गेला.

हे टळतं ते पिनकोडमुळे. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो आखला. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, ही तेव्हाचीच अडचण होती. सहा आकड्यांतले पहिले तीन पार्सल कोणत्या भागाकडे वळवायचं ते सांगतात, शेवटचे तीन कोणत्या टपाल कार्यालयातून वाटायचं ते. जंजिऱ्याच्या मुरूडचा पिन ४०२ ने सुरू होतो, लातूरच्या मुरूडचा ४१३ ने. म्हणून पिन आठवणीने लिहू नका, ग्राहकाकडून लेखी मागवा. त्याबरोबर तालुका आणि जिल्हाही मागवा. पिनचा एक आकडा चुकला तरी जिल्ह्याच्या नावावरून चूक पकडता येते.

लेबल असं मांडा

ए-फोर कागदाचे चार भाग केले की एक भाग लेबलाला पुरतो. त्यावर मजकूर या क्रमाने घ्या:

१. ‘प्रति’ आणि ग्राहकाचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात.
२. घर, गल्ली, जवळची खूण.
३. गाव, तालुका, जिल्हा, राज्य.
४. पिनकोड, वेगळ्या ओळीत, सगळ्यात ठळक.
५. ग्राहकाचा मोबाईल नंबर.
६. खालच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात ‘पाठवणार’: गटाचं नाव, रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड, पिन ४०२२०२ आणि गटाचा फोन.

पाठवणाऱ्याचा पत्ता ग्राहकाच्या पत्त्याएवढा मोठा छापू नका. घाईत तोच पत्ता वाचला गेला तर पार्सल आपल्याच दारात येतं. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर पत्ता इंग्रजी अक्षरांतही द्या.

वाटणाऱ्या माणसाला घर सापडलं नाही किंवा दार बंद दिसलं, तर त्याच्या हातात फोन नंबर एवढाच आधार असतो. दहा आकडे मोजा. छापण्यापूर्वी त्या नंबरवर एक फोन लावा आणि पत्ता वाचून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.

बारकोडचं काय?

टपाल कार्यालयाच्या खिडकीवर बुकिंग केलंत तर बारकोड तेच लावतात. आपण फक्त खोक्याच्या सपाट बाजूवर पत्त्याजवळ मोकळी जागा ठेवायची. घरून ऑनलाइन बुकिंग केलं तर बारकोडसह लेबल मिळतं आणि ते आपण छापायचं असतं. टपालाच्या बारकोडखाली दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN असतं. मशीनने रेघा वाचल्या नाहीत तर हाच क्रमांक हाताने टाकतात, म्हणून तो कापला जाऊ देऊ नका.

छापताना प्रिंटरवर Fit to page न ठेवता 100% ठेवा. लेबल आक्रसलं की रेघा एकमेकींना चिकटतात. रेघांच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही लागतेच, कारण मशीनला सुरुवात आणि शेवट तिथूनच कळतो. कडेपर्यंत कातरू नका. शाईचा प्रिंट आपल्या दमट हवेत पसरतो. लेझर प्रिंट टिकतो. लेबल खोक्याच्या कडेवर दुमडू नका आणि बारकोडवर सुरकुतलेली चिकटपट्टी नको.

दोन चुका फार महाग पडतात. एक, एकाच लेबलाची झेरॉक्स दोन पार्सलांना लावणं. बारकोड एका पार्सलाचा एकच असतो, दुसरं पार्सल मशीनला वेगळं ओळखताच येत नाही. दुसरी, किराणा दुकानातून आणलेल्या जुन्या खोक्यावरचं लेबल तसंच ठेवणं. मशीनने जुना बारकोड वाचला तर गोंधळ ठरलेला. जुनं लेबल फाडा, नाही निघालं तर काळ्या मार्करने पूर्ण खोडा.

शेवटी मोबाईलवरच्या बारकोड वाचणाऱ्या ॲपने आपलं लेबल वाचून पाहा. पडद्यावर आलेला क्रमांक खाली छापलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. नंतर खोकं हातभर लांब धरा. पिन आणि फोन तिथून वाचता आले तर पार्सल द्यायला हरकत नाही. पावती मात्र माल पोचल्याचा ग्राहकाचा निरोप येईपर्यंत गटाच्या वहीत जपून ठेवा; पार्सल कुठे अडलं ते त्याच क्रमांकावरून कळतं.