बेंबीचा फुगवटा आत जाईना तेव्हा

आमच्या घरात दोघांना हर्निया होता. मला उजव्या जांघेत, आणि थोरल्या वहिनींना बेंबीवर. माझा फुगवटा लिंबाएवढा. उभा राहिलो की दिसतो, आडवा झालो की आपसूक आत जातो. तो मी बरीच वर्षं सर्जनच्या सल्ल्यानं तसाच ठेवला आहे, आणि त्यानं मला कधी त्रास दिलेला नाही. वहिनींचा माझ्याहून लहान होता. शेवटच्या बाळंतपणानंतर आलेला, सुपारीएवढा, साडीच्या निऱ्यांखाली झाकलेला. त्या तो बोटानं आत ढकलायच्या आणि कामाला लागायच्या. त्याच हर्नियानं त्यांचं आतडं कुजलं आणि त्या जेमतेम वाचल्या. एकाला थांबणं चालतं आणि दुसऱ्याला का चालत नाही, हे लोकांना कळावं म्हणून हे लिहितो आहे.

पोटाच्या स्नायूंच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत असते किंवा होते. तिथून पोटातली चरबी किंवा आतड्याचा वेढा कातडीखाली उतरतो, तोच हर्निया. बाहेर दिसतो तो फुगवटा; पण धोका ठरतो तो त्याच्या मुळाशी, भिंतीला पडलेल्या भोकावर, म्हणजे हर्नियाच्या गळ्यावर. मोठा, लोंबणारा हर्निया पाहून लोक घाबरतात, पण त्याचा गळा पुष्कळदा रुंद असतो आणि आतडं सहज ये-जा करतं. लहान फुगवट्याचा अरुंद, कडक काठाचा गळा जास्त वाईट. अशा गळ्यात आतडं अडकलं, की बटव्याची नाडी ओढल्यासारखा फास बसतो. आधी दबतात अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या पातळ शिरा. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, म्हणून अडकलेला वेढा सुजतो. सुजला की फास आणखी आवळतो, आणि शेवटी शुद्ध रक्तही बंद होतं. यानंतर आतडं काही तासांत मरू लागतं. फास बसलेल्या हर्नियाला म्हणूनच उद्याची वेळ चालत नाही.

वहिनींचं दुखणं सुरू झालं एका संध्याकाळी. बेंबीभोवती कळ आली, रात्री उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला. सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. पित्त वाढलंय म्हणून इंजेक्शन मिळालं आणि दुखणं थोडं कमी झालं. तेवढ्यात त्यांना एकदा शौचालाही झालं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, पोट मोकळं झालं, आता उतार पडेल. ही दोन्ही लक्षणं फसवी होती. इंजेक्शननं कळ बोथट होते, पण फास सुटत नाही. आणि वरचं आतडं अडकलं तरी त्याच्या खाली आधीच साठलेला मळ एखाद्या वेळी बाहेर पडतोच. कधी आतड्याच्या भिंतीचा एखादाच भाग चिमटीत सापडतो. तेव्हा तर शौच, वारा सगळं चालू असतं आणि आत तेवढा भाग मरत असतो.

या सगळ्या वेळात वहिनींचं पोट उघडून कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी दाखवलं नाही आणि कुणी विचारलं नाही. आमच्याकडच्या बायका जांघ आणि बेंबी डॉक्टरांनाही दाखवायला लाजतात. कित्येकींना तो आजार आहे हेच माहीत नसतं. मला यावर मनापासून सांगावंसं वाटतं, की घरातल्या वयस्क बाईच्या पोटात कळ आणि उलट्या एकत्र आल्या, तर सुनेनं किंवा मुलीनं दार लावून त्यांची बेंबी आणि दोन्ही जांघा एकदा नीट पाहाव्यात. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असला तर तोही पाहावा. त्याला दोन मिनिटं लागतात.

दुपारी सुनेचा मला फोन आला. "काका, आईंच्या उलट्या थांबेनात, आता हिरवं पडतंय." मी विचारलं, "बेंबीवरचा गोळा आत जातोय का?" ती पाहून आली. गोळा दगडासारखा झाला होता, हात लावू देत नव्हत्या, आणि वरची कातडी लालसर काळपट दिसत होती. "मी दाबून बघू का?" असं तिनं विचारलं. मी तिला हात लावू नको म्हणालो, पाणीही देऊ नको म्हणालो, आणि सरळ मिरजेला निघायला सांगितलं. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, मिरज तासाभराच्या अंतरावर. मी आधी जाऊन दवाखान्यात थांबलो.

दाबू नको म्हणण्याचं कारण सर्जननी मला माझ्या हर्नियाच्या वेळीच समजावलं होतं. नेहमी सहज जाणारा फुगवटा एखाद्या दिवशी गेला नाही, पण दुखत नाही, उलटी नाही, कातडीचा रंग नेहमीचा आहे, तर आडवं व्हावं, गुडघे उभे करावेत, पोट सैल सोडावं आणि हलक्या हातानं पाहावं. दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक. नाही गेला तर झटापट न करता त्याच दिवशी सर्जन गाठावा. पण कळ असेल, गोळा कडक असेल, रंग बदलला असेल, तर बोटही लावू नये. जोर लावून तो आत गेलाच, तर मेलेला वेढा पोटात जातो आणि तिथं फुटतो. कधी फासासकट सगळी पिशवी भिंतीच्या मागे सरकते. बाहेरून गोळा गेलेला दिसतो, आणि आतडं आत तसंच आवळलेलं राहतं.

वहिनी आल्या तेव्हा त्यांची नाडी जलद चालत होती आणि जीभ कोरडी पडली होती. सर्जननी त्यांना खोकायला सांगितलं. मोकळ्या हर्नियावर हात ठेवून खोकलं की हाताला धक्का जाणवतो. इथं काहीच जाणवलं नाही. उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत आतडी फुगलेली आणि त्यांत पाण्याच्या पातळ्या दिसल्या. नाकातून नळी घालून पोटातलं साठलेलं पाणी काढलं, सलाइन आणि प्रतिजैविकं सुरू केली, साखर आटोक्यात आणली (त्यांना मधुमेह आहे), आणि रात्रीच शस्त्रक्रियेला घेतलं.

नंतर सर्जननी सगळं समजावून सांगितलं. गळा करंगळी जाईल एवढाच होता, आणि त्यात लहान आतड्याचा वेढा काळा पडला होता. गळा कापून मोकळा केल्यावर त्यांनी वेढ्याभोवती कोमट सलाइनची फडकी गुंडाळली आणि वाट पाहिली. आतडं जिवंत असेल तर रंग गुलाबी होतो, चमक येते, ते वळवळतं, त्याच्या रक्तवाहिन्यांत ठोके लागतात. तसं झालं की काही न कापता आत सोडून देता येतं. वहिनींच्या बाबतीत रंग फिरला नाही. वीतभर आतडं कापून दोन टोकं जोडावी लागली. एरवी बेंबीच्या हर्नियात भिंतीला बळकटी म्हणून जाळी बसवतात. इथं कुजलेल्या आतड्यामुळे जंतुसंसर्गाची भीती होती, म्हणून जाळी न घालता नुसते टाके घेतले. पुढे जखम चिघळली, अतिदक्षता विभागातला मुक्काम लांबला. हर्निया पुन्हा येण्याची शक्यता आहे हे त्यांना स्पष्ट सांगितलं आहे, म्हणून वजन आणि साखर दोन्हींवर आता घरात सगळ्यांचं लक्ष असतं.

हे ऐकून मला भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, मग तुम्हीही करून टाका. माझं थांबणं हे दुर्लक्ष नाही, हे मी त्यांना सांगतो. उत्तर अमेरिकेत जांघेचा हर्निया असलेल्या, पण त्रास नसलेल्या किंवा अगदी थोडा असलेल्या 720 पुरुषांवर अभ्यास झाला आणि तो 2006 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पुरुषांची शस्त्रक्रिया केली, निम्म्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. देखरेखीखालच्यांत अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनाहूनही कमी निघालं. म्हणून माझ्यासारख्याला थांबता येतं. पण त्याच पुरुषांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, बहुतेकांनी वाढत्या दुखण्यामुळे. थांबणं सुरक्षित आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत ते कायमचं नसतं.

आणि हा दिलासा सगळ्यांना लागू करता येत नाही. तो अभ्यास फक्त पुरुषांचा होता. बाईच्या जांघेत गाठ आली तर ती जांघेच्या बंधाखालून, मांडीच्या रक्तवाहिनीशेजारून उतरलेली असू शकते. तिथला गळा हाड आणि चिवट बंधांमध्ये सापडलेला असतो आणि तिथं फास फार लवकर बसतो. अशा हर्नियाला थांबण्याचा सल्ला देत नाहीत, गाठ दुखत नसली तरीही. तान्ह्या बाळाच्या जांघेतला हर्निया लवकर अडकतो, म्हणून त्याची शस्त्रक्रियाही लांबवत नाहीत. याउलट बाळाची फुगलेली बेंबी बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपोआप बुजते. तिच्यावर नाणं ठेवून पट्टा बांधल्यानं काही साधत नाही, कातडी मात्र सोलवटते. मोठ्या माणसाची बेंबी अशी बुजत नाही. त्यात थोडी चरबीच उतरत असेल, दुखत नसेल, सहज आत जात असेल, तर सर्जन थांबू देतात. पण कळ येऊन जात असेल, फुगवटा वाढत असेल, किंवा आत ढकलायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ठरवून शस्त्रक्रिया करून घ्यावी. वहिनींना शेवटच्या वर्षभरात असं वारंवार व्हायचं. त्या उभ्याउभ्या भिंतीला टेकून गोळा आत दाबायच्या, हे सुनेनं नंतर सांगितलं.

फास बसल्याचा संशय आला, की रुग्णाला खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागणार असते. जुलाबाचं औषध आणि एनिमा तर नकोच. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटं बरोबर घ्यावीत, आणि शेवटचं कधी खाल्लं ते सांगावं. गाडी नसेल तर 108 ला फोन करावा. आणि दवाखाना निवडताना तिथं सर्जन आणि भूलतज्ज्ञ त्या वेळी हजर आहेत का, हे फोनवर विचारून मगच निघावं. रात्री एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाण्यात जे तास जातात, तेच आतड्याचे असतात.

माझ्यापुरतं सर्जनशी ठरलेलं आहे. वर्षातून एकदा दाखवायचं. लघवीला जोर करावा लागतो तो आधी तपासून घ्यायचा, खोकला आणि बद्धकोष्ठ साठू द्यायचं नाही, कारण तिन्हींमुळे पोटावर ताण येतो. पट्टा वापरायचा नाही. त्यानं हर्निया बरा होत नाही. चालताना दुखायला लागलं, किंवा आडवं झाल्यावर फुगवटा लगेच आत जाईनासा झाला, की शस्त्रक्रियेची तारीख घ्यायची.