पीठ, पण पिठाची: पाटी छापण्याआधी सोडवायचा सराव



व्हिडिओत मी एक चुकांनी भरलेलं पत्रक फळ्यावर लिहिलं होतं. ते घाईत पुढे गेलं, म्हणून इथे सावकाश सोडवूया. वही-पेन घ्या आणि उत्तराकडे जाण्याआधी स्वतः चुका शोधा. पत्रक सरावासाठी रचलेलं आहे, पण यातला प्रत्येक शब्द मी कुठल्या ना कुठल्या पाटीवर पाहिला आहे.

"आमच्याकडे सर्व पीठाचे पदार्थ, शुध्द तुप, गुळ व दुध मिळेल. डाळींबाचा रस व लिंबु लोणचे. गांवातील सर्व ग्राहकाना दिवाळिनिमीत्त १० टक्के सुट. आपल्या आर्शिवादाने दुकान सूरु झाले आहे. पत्ता: मंदीराजवळ."

एकूण चौदा शब्द चुकलेले आहेत. सोपं जावं म्हणून शाळेतलेच शब्द वापरतो: ह्रस्व म्हणजे पहिली वेलांटी, पहिला उकार. दीर्घ म्हणजे दुसरी वेलांटी, दुसरा उकार.

सुरुवात तूप, गूळ, दूध आणि सूट यांच्यापासून करू. शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना, वेलांटी, उकार, मात्रा काहीच नसेल, तर त्याच्या आधीच्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दुसरा. म्हणून तूप, गूळ, दूध, सूट, मीठ, पीठ, फूल, वकील. मोठ्याने म्हणून बघा, "दूध" म्हणताना 'दू' आपोआप लांबतो.

आता बहुतेकांचा घोटाळा होतो ती जागा. मग "पीठाचे" चूक का? पीठ तर बरोबर आहे ना? आहे. पण त्याला "चे" लागताना मध्ये काना आला: पीठ, पिठाचे. शब्दाचं शेवटचं अक्षर आता "ठ" नाही, "ठा" झालं. लांबण्याचा जोर तिकडे गेला आणि 'पी' आखडून 'पि' झाला. म्हणून दूध पण दुधाचा, मीठ पण मिठाचा, गूळ पण गुळाचा, फूल पण फुलांचा. फ्लेक्सचं माप सांगतानासुद्धा एक फूट, पण चाळीस चौरस फुटांचा फ्लेक्स.

हे आपल्याच रस्त्यावर पाठ होतं. पिंपरी पेंढारजवळचं गाव ओतूर, दुसरा उकार. पण "ओतुरात शाखा" लिहिताना पहिला, कारण काना आला. "ओतूरला" लिहिताना मात्र दुसराच राहतो, कारण तिथे मूळ शब्दाला काही चिकटून तो बदलला नाही, नुसता "ला" लागला.

हा नियम डोक्यात बसला की माणूस उत्साहात उलटी चूक करतो आणि "मंदीर" लिहितो. आपल्या पत्रकात तेच झालंय. मंदिर, गुण, सुख, हित, शिव हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आहेत. ते संस्कृतातल्यासारखेच लिहायचे, त्यांना वरचा नियम लागत नाही. म्हणून मंदिराजवळ. शिवनेरीचा 'शि' पण पहिलाच. उलट बाजूनेही तसंच: "शरीर" संस्कृत आहे, म्हणून "शरीराला" लिहिताना 'री' आखडत नाही. शब्द संस्कृत आहे की नाही हे कानाने ओळखता येत नाही, तिथे शब्दकोश उघडावा लागतो. मी अजूनही उघडतो.

"सूरु" मध्ये तर दोन्ही उकार उलटे आहेत. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दुसरा, आणि शेवट असा लांब असला की त्याच्या आधीचा पहिला: सुरू, जुनी, किती, विक्री. शेवट दुसरा म्हणून लिंबू, गहू, लाडू, आणि म्हणूनच दिवाळीनिमित्त. "आणि" हा मोठा अपवाद, तो पहिल्या वेलांटीचाच. संस्कृत शब्द इथेही वेगळे चालतात, त्यामुळे पाटीवर "पूजा साहित्य" लिहा, "पुजा" नको.

"निमित्त" मधली 'मि' पहिली, कारण हा शब्दही संस्कृतातून तसाच आलेला आहे. जोडाक्षराच्या किंवा स्पष्ट ऐकू येणाऱ्या अनुस्वाराच्या जागी वेलांटी-उकार साधारणपणे पहिला असतो. जुन्नरचा 'जु' बघा, पिंपरीची 'पिं' बघा. तसंच डाळिंब, लिंबू, चिंच, किंमत. मूल्य, तीक्ष्ण असे संस्कृत शब्द तेवढे सोडा.

आता अनुस्वार. नारायणगावच्या नावात 'गा'वर टिंब द्यायचं का? बोलताना ते ऐकू येत नाही, म्हणून द्यायचं नाही. पूर्वी नांव, गांव, पांच असं लिहायचे, त्यामुळे जुन्या पाट्या आणि जुन्या कागदांवर ते दिसतं. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि असे न ऐकू येणारे अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी ४ नियम जोडले गेले. तेव्हा आजोबांच्या काळातलं "गांव" ही त्यांची चूक नव्हती, आज छापलं तर ती आपली.

"ग्राहकांना" मधला अनुस्वार मात्र जाऊ द्यायचा नाही, कारण तो अर्थाचा आहे. एक ग्राहक असेल तर ग्राहकाला, अनेक असतील तर ग्राहकांना. "ग्राहकाचे पैसे परत" आणि "ग्राहकांचे पैसे परत" यात एका टिंबाने माणसं बदलतात. आदराने एकाच माणसाविषयी लिहिलं तरी हा अनुस्वार येतो: "सरपंचांच्या हस्ते".

राहिले दोन शब्द. "शुद्ध" मध्ये आधी अर्धा द, मग ध. प्रसिद्ध, सिद्ध, समृद्धी सगळे तसेच. टाइप करताना द, पाय मोडणे, ध हा क्रम ठेवा. मी सुरुवातीला स्टिकर छापले त्यावर "शुध्द" होतं, आणि ते संपेपर्यंत तेच चिकटवत बसलो. दुसरा "आशीर्वाद": रफार 'वा'वर, 'शी'वर दुसरी वेलांटी. तोडून म्हणा, आ-शीर्-वाद, र कुठे येतो ते कळतं.

आता एक कामाची गोष्ट. तुम्ही व्हॉट्सॲपवर बरोबर मजकूर पाठवला तरी पाटी चुकू शकते. बरेच छपाईवाले जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की अक्षरं विस्कटतात, म्हणून ते नव्याने टाइप करतात, आणि चूक तेव्हा शिरते. छपाईआधी अंतिम डिझाइनचा फोटो मागवा आणि शेवटच्या शब्दापासून मागे वाचत या. सरळ वाचताना डोळा अर्थावर धावतो, उलट वाचताना प्रत्येक शब्द सुटा दिसतो.

सुधारलेलं पत्रक असं:

"आमच्याकडे सर्व पिठाचे पदार्थ, शुद्ध तूप, गूळ व दूध मिळेल. डाळिंबाचा रस व लिंबू लोणचे. गावातील सर्व ग्राहकांना दिवाळीनिमित्त १० टक्के सूट. आपल्या आशीर्वादाने दुकान सुरू झाले आहे. पत्ता: मंदिराजवळ."

"दिवाळिनिमीत्त" मध्ये दोन चुका होत्या, पण तो एकच शब्द धरून चौदा मोजा.

घरी सोडवायला पाच: मीठाचे पाकीट, फूलांचे हार, चींचेची गोळी, प्रसिध्द भेळ, महिलाना खास सवलत.

उत्तरं: मिठाचे, फुलांचे, चिंचेची, प्रसिद्ध, महिलांना. "पाकीट" बरोबरच होतं, पण "पाकिटात" लिहाल तेव्हा काय होईल ते कमेंटमध्ये कारणासकट लिहा.