चौथीतला फोटो

परवा रात्री फॅमिली ग्रुपवर एका हरवलेल्या मुलीचा फोटो आला. खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. मी क्षणाचाही विचार न करता तो पुढे पाठवला. आपण सगळेच पाठवतो. शेजारी आपलं लेकरू झोपलेलं असतं, पोटात कालवतं, आणि बोट आपोआप चालतं.

सकाळी कळलं, ती मुलगी कधीच घरी परतली होती. फोटो मात्र फिरतोच आहे. उद्या वर्गात कुणी तिला ‘हरवली होतीस ती तूच ना?’ असं विचारलं तर? हे काही माझ्या मनातून जाईना.

जी मुलं वर्षानुवर्षं सापडत नाहीत, त्यांचं काय करत असतील? अमेरिकेत १९८४ साली हरवलेल्या मुलांसाठी एक राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. तिथले चित्रकार मूल १८ वर्षांचं होईपर्यंत साधारण दर २ वर्षांनी त्याचा आजचा संभाव्य चेहरा नव्याने घडवतात.

समजा, ४ वर्षांची मुलगी हरवली आणि आज ती १० वर्षांची असेल. तिचा फोटो नुसता मोठा करून भागत नाही. चौथ्या वर्षी कपाळ मोठं दिसतं आणि हनुवटी इवलीशी असते. पुढे वाढतो तो मुख्यतः चेहऱ्याचा खालचा भाग. नाक लांबतं, जबडा खाली उतरतो, दुधाचे दात पडून मोठे येतात. डोळे त्या मानाने फारसे बदलत नाहीत, म्हणून ते जपले जातात. मग आईबाबांचे आणि भावंडांचे त्याच वयातले फोटो मागवतात, आणि कॉम्प्युटरवर त्यांतली ठेवण तिच्या चेहऱ्यात हलकेच मिसळतात.

तरी केस कसे असतील, अंग भरलं असेल की नाही, हे कुणाला ठाऊक? तो एक अंदाजच असतो. ओळखीचं काहीतरी वाटून कुणी फोन उचलावा, एवढ्यासाठी. शेजारी जुना फोटोही छापतात.

तो फोन पोलिसांकडेच का जायला हवा, हे मला उशिरा उमगलं. आईबाबांचा नंबर उघड झाला की पैशांसाठी खोटे फोन येतात. कधी मारहाणीला कंटाळून आई लेकराला घेऊन निघून गेलेली असते, आणि ‘हरवलंय’ म्हणून फोटो फिरवणारा तोच मारणारा असतो. अशा वेळी आपण भाबडेपणाने पाठवलेला फोटो त्याच्याच कामी येतो. तपास करणारे आधी हे पडताळतात, आणि मूल सापडलं की आवाहन थांबवूही शकतात.

आपल्याकडे मूल दिसेनासं झालं तर २४ तास थांबायचं नसतं. लगेच ११२ किंवा १०९८ लावायचा. मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय.

काल मुलीचे मोबाइलमधले फोटो चाळले. शेकडो निघाले. कुठे सशाचे कान लावलेले, कुठे जीभ बाहेर. समोरून, स्वच्छ उजेडात काढलेला एकही नव्हता. मग खिडकीपाशी उभं करून एक काढला. ‘कशाला गं?’ तिने विचारलं. ‘किती मोठी झालीस, ते बघायला,’ म्हटलं.

आता रविवारी आईकडे जायचंय. तिच्या पत्र्याच्या पेटीत माझा चौथीतला फोटो आहे.